किती दिवसांत बरं होईल, हे प्रोफाइलमध्ये कसं लिहायचं?

फिजिओथेरपीच्या क्लिनिकचं प्रोफाइल लिहायला घेतलं की पहिले दोन रकाने पटापट भरतात. कुठल्या तक्रारींवर उपचार करता, आणि शिक्षण काय झालंय. तिसऱ्या रकान्यावर मात्र गाडी अडते, कारण तिथे अपेक्षा असते 'पेशंटला काय फरक पडेल, किती दिवसांत पडेल' हे लिहायची, आणि बहुतेक प्रोफाइल्समध्ये तिथे काय असतं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. वेदनामुक्त जीवन, जलद आराम, शंभर टक्के रिझल्ट. मला तसं लिहायचं नव्हतं, पण मग लिहायचं काय, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. शेवटी असं ठरवलं की सगळ्या आजारांबद्दल गोलगोल लिहिण्यापेक्षा एकाच आजाराबद्दल नीट, खरंखरं लिहायचं. म्हणजे जो वाचेल त्याला बाकीच्या बाबतीतही या बाईचं काम साधारण कसं चालतं ते कळेल. आजार निवडला फ्रोझन शोल्डर. गोठलेला, आखडलेला खांदा, काय म्हणायचं ते म्हणा.

आधी पहिल्या रकान्याचं सांगून टाकते. सुरुवातीला मी पण लांबलचक यादी केली होती. मान, कंबर, गुडघा, टाच, फ्रॅक्चरनंतरचा कडकपणा, गुडघा बदलल्यानंतरचं रिहॅब, लिगामेंटच्या ऑपरेशननंतरचं रिहॅब, पॅरालिसिस, चेहऱ्याचा पॅरालिसिस, चक्कर, लहान मुलांच्या वाढीच्या तक्रारी, दमा-फुप्फुसं, सगळंच. डिग्रीत हे सगळं शिकवलेलं असतं हे खरंय. पण शिकलेलं असणं वेगळं आणि रोज हातात असणं वेगळं. लहान मुलांचं काम मी करत नाही, पॅरालिसिसचे पेशंट मी न्यूरो रिहॅब करणाऱ्यांकडे पाठवते, म्हणून ते काढून टाकलं. उरलं खांदा, मान, कंबर, गुडघा, आणि फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतरचं काम. यादी छोटी झाली, दिसायला जरा गरीब वाटते, असू दे.

शिक्षणाचा रकाना तर मजेशीरच असतो. आमच्या क्षेत्रात माणसांची नावं असलेले कोर्सेस भरपूर आहेत. मेटलँड, मॅकेन्झी, मुलिगन. हे तिघंही फिजिओथेरपिस्टच होते, पहिला ऑस्ट्रेलियातला, बाकीचे दोघं न्यूझीलंडचे. कोर्स करून आलं की सर्टिफिकेट फ्रेम होऊन भिंतीवर जातं. पेशंटला त्यातलं काहीही कळत नाही, फक्त भिंत भरलेली दिसते. त्यांच्यापैकी मेटलँडच्या पद्धतीचा खांद्याला मला खरोखर उपयोग होतो. सांधा हाताने हलवायचे चार ग्रेड त्यात ठरलेले आहेत. पहिला-दुसरा म्हणजे सांध्याच्या मोकळ्या पट्ट्यातच हलकं हलवणं, दुखणं शांत करायला. तिसरा-चौथा म्हणजे जिथे सांधा अडतो तिथपर्यंत जाऊन हलवणं, कडकपणा कमी करायला. दुखऱ्या खांद्याला चौथा ग्रेड दिला तर पेशंट पुढच्या वेळी येणार नाही, आणि कडक पण न दुखणाऱ्या खांद्याला पहिला ग्रेड देत बसलं तर पेशंट येत राहील, बरा मात्र होणार नाही. कुठल्या खांद्याला कधी काय, एवढंच शिकायला खूप वेळ लागतो आणि ते कुठल्याच सर्टिफिकेटवर छापलेलं नसतं.

खरं ट्रेनिंग हाताचं असतं. सांधा आपण हलवत नेतो आणि एका जागी तो थांबतो, तेव्हा तो कसा थांबतो हे हाताला कळायला लागतं. आम्ही त्याला एंड फील म्हणतो. कोपर सरळ करताना हाडावर हाड टेकून टक्क थांबतं. दुखण्यामुळे थांबलं असेल तर अजून जागा असते, पण पेशंट स्नायू आवळून तुम्हाला थांबवतो. आणि फ्रोझन शोल्डरमध्ये चामडं ताणल्यासारखं घट्ट, रबरी, ठाम थांबणं असतं, पेशंटने कितीही सैल सोडलं तरी तिथेच. हा फरक पुस्तकात वाचून येत नाही. कॉलेजमध्ये एकमेकांचे खांदे हलवून हलवून, मग इंटर्नशिपमध्ये शेकडो पेशंटचे हलवून तो येतो.

आता मुद्द्यावर. खांदा दुखतो आणि वर जात नाही म्हणून आलेला प्रत्येक माणूस स्वतःच सांगतो की फ्रोझन शोल्डर झालाय. बऱ्याचदा तो नसतो. ओळखायची खूण अगदी साधी आहे, घरी सुद्धा करून बघता येते, पण एकट्याने नाही, दुसरं कोणीतरी हवं. पेशंटने कोपर शरीराला चिकटवून काटकोनात वाकवायचं, हात पूर्ण सैल सोडायचा, आणि दुसऱ्याने त्याचं मनगट धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचा, दार उघडल्यासारखा. चांगल्या खांद्याला ते साधारण ६० अंशांपर्यंत जातं, काहींचं कमी, काहींचं जास्त, म्हणून दुसऱ्या बाजूशीच तुलना करायची. फ्रोझन शोल्डरमध्ये ते निम्म्याहून कमी होतं, कधी कधी जवळजवळ शून्य. इथे महत्त्वाची गोष्ट ही की दुसऱ्याने नेऊनही जात नाही. स्वतःला हात उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर आरामात वर जातो, असं असेल तर संशय स्नायूंच्या दोरीवर जातो, म्हणजे रोटेटर कफवर, आणि त्याचा रस्ता पूर्ण वेगळा आहे.

अजून एक अट आहे, एक्स-रे नॉर्मल हवा. बाहेर फिरवणं बंद होणं हे खांद्याच्या आर्थ्रायटिसमध्ये पण होतं, आणि खांदा मागच्या बाजूला निखळून तसाच अडकून राहिला असेल तरी होतं. फिट किंवा करंट बसल्यानंतर असं मागे निखळणं घडतं आणि समोरून काढलेल्या एका एक्स-रेमध्ये ते सहज निसटतं. म्हणून आकडीचा किंवा शॉकचा इतिहास असेल तर मी बाजूचाही फोटो मागवते. अशा खांद्याला फ्रोझन समजून ताण देत बसणं म्हणजे पेशंटचं नुकसानच.

तर आतमध्ये होतं काय. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते, कॅप्सूल. ती एरवी मुद्दाम ढिली असते, खालच्या बाजूला तिला चुणी असते, हात वर गेला की ती चुणी उघडते. या आजारात आधी त्या पिशवीला सूज येते, मग ती जाड होते, आवळते, चुणी चिकटते. पुढच्या वरच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त आवळते आणि नेमका तोच भाग हात बाहेर फिरवताना ताणला जायला हवा असतो, म्हणून बाहेर फिरवणं सगळ्यात आधी जातं. का होतं, तर बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही. साधारण ४० ते ६० वयात, बायकांमध्ये जास्त, आणि डायबेटिस असेल तर शक्यता कितीतरी पटीने वाढते. थायरॉइडशी पण संबंध आहे. म्हणून पहिल्यांदा फ्रोझन शोल्डर घेऊन आलेल्या माणसाने साखर तपासली नसेल तर मी आधी ती तपासून यायला सांगते. खांद्यामुळे डायबेटिस कळलेले लोक मी पाहिलेत.

हा खांदा तीन टप्प्यांतून जातो, असं पुस्तकं सांगतात आणि ढोबळपणे ते खरंही आहे. पहिल्यात दुखणं वाढत जातं आणि हालचाल कमी होत जाते, काही महिने. दुसऱ्यात दुखणं उतरतं पण खांदा घट्ट राहतो, परत काही महिने. तिसऱ्यात हळूहळू सैल होतो, आणि हा टप्पा कधी कधी सगळ्यात लांब असतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. हो, वर्षं. हे वाक्य पेशंटसमोर म्हणायला लागतं तेव्हा समोरचा चेहरा बघण्यासारखा असतो. १९३४ मध्ये कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने या आजाराला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं तेव्हाच त्याने म्हणून ठेवलं होतं की हा प्रकार समजावून सांगायला अवघड आहे आणि बरा करायलाही. इतक्या वर्षांनी त्यात फार बदल झालाय असं मला तरी वाटत नाही.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई, शाळेत शिकवतात, डायबेटिस दहाएक वर्षांपासून, उजवा खांदा. चार महिन्यांपासून दुखणं, आधी जाकीट काढताना कळ, मग केस बांधताना, मग रात्री त्या कुशीवर झोपणं बंद, मग कुठल्याही कुशीवर झोपलं तरी तीन वाजता जाग. मध्ये एका ठिकाणी दहा दिवसांचं पॅकेज घेऊन झालं होतं, रोज शेक, मशीन, अल्ट्रासाउंड, आणि शेवटी दहा मिनिटं हात जोरात वर ओढणं. ओढल्यावर रडायला यायचं म्हणाल्या, आणि त्या रात्री झोप अजूनच खराब. मशीनबद्दल एवढंच म्हणेन की या आजारात अल्ट्रासाउंडने पिशवी सैल होते असा काही भक्कम पुरावा नाही, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ओढण्याबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे, ते पुढे येईलच.

मोजमाप घेतलं. गोनिओमीटर म्हणजे कोनमापकच, दोन लांब पाती असलेला. बाहेर फिरवणं, डावीकडे ६५ अंश, उजवीकडे ५. समोरून वर, डावीकडे १७०, उजवीकडे ९५. पाठीमागे हात, डावा अंगठा दोन खांद्यांच्या मधोमध पोचतो, उजवा पाठीवर येतच नाही, कमरेच्या खाली बाजूलाच थांबतो. मग बाजूने वर. त्यांनी हात उचलून दाखवला, जवळजवळ ८० अंश, आणि म्हणाल्या, "एवढा तरी जातो मॅडम." मी मागे उभी राहिले, एका हाताने त्यांच्या खांद्याचं फरं, म्हणजे पाठीवरचं चपटं हाड, वरून घट्ट दाबून धरलं आणि म्हटलं, आता परत उचला. ४५ वर थांबला. म्हणजे बाकीची सगळी हालचाल फरं वर चढवून, मानेकडे खांदा उचकून होत होती. हे प्रत्येक पेशंट नकळत करतो. ती काही चोरी नाही, शरीर काम भागवायला रस्ता काढतं. पण फरं न धरता मोजलं तर दर आठवड्याला आकडा वाढल्यासारखा दिसतो, पेशंटही खूश आणि थेरपिस्टही, आणि सांधा मात्र तसूभरही सुटलेला नसतो. दुसऱ्या कोणाकडे ट्रीटमेंट चालू असेल तर मोजताना ते फरं धरतात का एवढं बघा, त्यावरून बरंच कळतं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "किती दिवसांत बरं होईल?"

मी म्हटलं, "ताई, दिवसांत नाही. रात्रीचं दुखणं आधी कमी करू, त्याला महिना दीड महिना द्या. हात मोकळा व्हायला वर्ष दीड वर्ष जाऊ शकतं, आणि डायबेटिस असल्यामुळे थोडा कडकपणा शेवटीही राहील."

"मग तुमच्याकडे येऊन काय उपयोग?"

रास्त प्रश्न आहे. चिडून विचारला नव्हता त्यांनी, खरंच विचारत होत्या. याचं उत्तर नीट द्यायचं तर २००४ साली नेदरलँड्समधून आलेल्या एका अभ्यासाबद्दल बोलावं लागतं, जो आमच्या धंद्यातल्या लोकांना फारसा आवडत नाही. ७७ पेशंट, सगळ्यांना फ्रोझन शोल्डर. एका गटाला जोरदार फिजिओथेरपी, दुखण्याच्या पलीकडे जाऊन ताण. दुसऱ्या गटाला फक्त समजावून सांगितलं, दुखणार नाही एवढ्या मर्यादेत लोलकासारखे हलके व्यायाम करा, जमतील ती कामं करत राहा, बस. दोन वर्षांनी बघितलं तर हलका व्यायाम केलेल्यांतले ८९ टक्के चांगल्या स्थितीत होते, आणि जोरदार ओढलेल्यांतले ६३ टक्के. म्हणजे ओढून बरं होत नाहीच, उलट मागे पडतं. अभ्यास लहान आहे आणि त्यात माणसं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, म्हणून मी त्याला अंतिम सत्य मानत नाही. पण पहिल्या टप्प्यात, जेव्हा पिशवी सुजलेली असते, तेव्हा तिला ओढणं म्हणजे सुजेला अजून कारण देणं, हे माझ्या रोजच्या कामातही दिसतं.

म्हणून ताईंना मी सांगितलं की पहिल्या टप्प्यात माझं काम आहे हा आजार नक्की तोच आहे ना हे बघणं, दुखणं कमी करायचा रस्ता दाखवणं, आणि तुम्हाला चुकीच्या गोष्टींपासून लांब ठेवणं. रोज यायची अजिबात गरज नाही, दोन आठवड्यांनी या.

आणि त्यांना ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं का ते विचारायला. इथे काही थेरपिस्ट नाक मुरडतात, जणू इंजेक्शन दिलं म्हणजे आपला पराभव. मला तसं वाटत नाही. दुखऱ्या टप्प्यात, लवकर दिलेलं इंजेक्शन पुढच्या काही आठवड्यांचं दुखणं खरंच कमी करतं, झोप लागते, आणि झोप लागली की माणूस व्यायाम करतो. फायदा कायमचा नसतो, सहा महिन्यांनी इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले बऱ्यापैकी सारखेच दिसतात, पण ते मधले महिने कसे जातात याला काही किंमत आहे की नाही? डायबेटिसवाल्यांना एक इशारा मात्र हवाच, इंजेक्शननंतर काही दिवस साखर वर जाते, त्यामुळे साखरेच्या डॉक्टरांना आधी सांगायचं आणि त्या दिवसांत जास्त वेळा मोजायची. ताईंची साखर आधीच हाताबाहेर होती म्हणून डॉक्टरांनी ती आटोक्यात येईपर्यंत थांबवलं, त्यात तीन आठवडे गेले, मग इंजेक्शन झालं.

घरचा व्यायाम पहिल्या टप्प्यात अगदी थोडा. टेबलाला चांगला हात टेकवून पुढे वाकायचं, दुखरा हात लोंबकळत सोडायचा आणि शरीर हलवून तो झुलू द्यायचा, हात स्वतः फिरवायचा नाही. मग पाठीवर झोपून, दोन्ही हातांत एक काठी धरून, चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला हळूच बाहेर ढकलायचं, ताण जाणवायला लागला की तीन-चार सेकंद थांबून परत. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी पाच मिनिटं. आणि एक नियम, तो मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात मूळ जागी यायला हवं आणि त्या रात्रीची झोप आदल्या रात्रीपेक्षा खराब व्हायला नको. झाली तर उद्या निम्मा करायचा, बंद नाही करायचा. ह्या नियमाने पेशंट स्वतःच स्वतःचा डोस ठरवायला शिकतो आणि मला फोन कमी येतात, खोटं कशाला बोलू.

इंजेक्शननंतर सहा आठवड्यांनी ताई सलग झोपायला लागल्या होत्या. बाहेर फिरवणं ५ वरून १५. फक्त १५. त्यांना वाटलं की काहीच झालं नाही, आणि आकड्याने बघितलं तर खरंच फार काही झालं नव्हतं. पण सांध्याचं वागणं बदललं होतं. आधी हात फिरवताना अडायच्या आधीच कळ यायची, आता आधी अडत होता आणि मग ताण लागत होता. दुखणं आणि कडकपणा यांची ही अदलाबदल झाली की आम्हाला कळतं की टप्पा बदलला, आता हाताने काम करायला मोकळीक आहे.

मग तिसरा-चौथा ग्रेड चालू केला. यातली एक गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. बाहेर फिरवणं कमी आहे तर दंडाचं हाड पुढे सरकवलं पाहिजे असं जुनी थिअरी सांगते, आम्हीही तसंच शिकलो. पण नंतर जेव्हा तुलना करून पाहिलं गेलं तेव्हा हाड मागच्या बाजूला सरकवणाऱ्या गटाला बाहेर फिरवण्यात जास्त फायदा मिळाला. गोल डोकं वाटीत कसं सरकतं याची नियमाबरहुकूम थिअरी आवळलेल्या पिशवीला लागू होतेच असं नाही. मी ताईंना मागच्या बाजूलाच दिलं, हात जेवढा फिरतो तेवढा फिरवून त्या टोकाला धरून, आणि घरी काठीचा ताण आता तीन सेकंदांऐवजी अर्धा मिनिट. दोन-तीन आठवड्यांनी एकदा यायच्या.

त्यानंतरचे महिने कंटाळवाणे होते, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, आणि तीच खरी अडचण असते. आठव्या-नवव्या महिन्यात, म्हणजे दुखणं सुरू झाल्यापासून धरून, बाहेर ३० आणि वर १२५. सीट बेल्ट ओढता यायला लागला. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नव्हतं अजून. मध्ये एकदा महिनाभर आकडा जागचा हलला नाही तेव्हा त्यांनी विचारलं की भूल देऊन खांदा मोकळा करून घेऊ का, ओळखीच्या कोणीतरी केलं होतं.

करता येतं ते. भूल देऊन सर्जन हात फिरवून पिशवी फाडतात, किंवा दुर्बिणीतून ती कापतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, ५०३ पेशंट, तीन गट. भूल देऊन फिरवणं, दुर्बिणीने कापणं, आणि इंजेक्शनसोबत ठरवून केलेली फिजिओथेरपी. वर्षानंतर तिघांत पेशंटला जाणवेल असा मोठा फरक निघाला नाही. फिजिओच्या गटातल्या जास्त लोकांना नंतर अजून काहीतरी उपचार घ्यावे लागले, हे पण तितकंच खरं. आणि गंभीर त्रास थोड्याच जणांना झाले पण ते दुर्बिणीच्या गटात जास्त होते. मी हे तिन्ही ताईंसमोर ठेवलं आणि म्हटलं, तुमचा आकडा थांबलाय पण मागे गेला नाही, झोप चांगली आहे, अजून दोन महिने बघू, तेव्हाही तिथेच असेल तर सर्जनना भेटा. ऑपरेशनला मी विरोध करत नाही, घाईला करते. दोन महिन्यांनी ३८ झाला, मग त्यांनीच विषय काढला नाही.

दीड वर्षाच्या आसपास शेवटचं मोजलं. बाहेर ५०, वर १६०, पाठीमागे अंगठा कमरेच्या थोडा वर. डाव्या हाताइतकं नाही. फळ्यावर वरपर्यंत लिहितात, केस बांधतात, पाठीमागचा हुक मात्र अजूनही पुढे लावून मग फिरवतात. त्या म्हणाल्या, चालेल. मलाही चाललं. काही लोकांना नाही चालत, आणि त्यांची चूकही नाही, कारण त्यांना कुणीतरी 'पूर्ण बरं होतं, आपोआप जातं' असं सांगितलेलं असतं. ऑक्सफर्डमधल्या सर्जननी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सरासरी चार वर्षांहून जास्त काळानंतर पेशंटना विचारलं तर ४१ टक्के लोकांना काही ना काही त्रास शिल्लक होता. बहुतेकांचा सौम्य, रोजच्या कामात न अडणारा, पण होता. थोड्या जणांना मात्र बराच होता. 'आपोआप जातं' हे अर्धसत्य आहे आणि 'आम्ही घालवतो' हे त्याहून मोठं अर्धसत्य.

तर प्रोफाइलमध्ये फ्रोझन शोल्डरखाली मी शेवटी हे लिहिलंय, जसंच्या तसं देते.

'पहिल्या भेटीत दोन्ही खांद्यांचं मोजमाप होईल आणि ते तुम्हाला लिहून मिळेल. रात्रीचं दुखणं कमी व्हायला साधारण चार ते आठ आठवडे. हालचाल परत यायला बऱ्याच जणांना एक ते दीड वर्ष, काहींना जास्त, डायबेटिस असेल तर आणखी हळू. शेवटी थोडा कडकपणा राहू शकतो. रोज यावं लागणार नाही. दुखेल एवढं ओढलं जाणार नाही. गरज वाटली तर इंजेक्शन किंवा सर्जनचं मत घ्यायला मीच सांगेन.'

प्रोफाइल बनवून देणाऱ्या मुलाने वाचलं आणि म्हणाला, मॅडम, हे वाचून कोण येईल? त्याच्या टेम्प्लेटमध्ये 'सक्सेस रेट' असा एक चौकोन होता, त्यात आकडा टाका म्हणाला, सगळेच टाकतात. मी विचारलं, सक्सेस म्हणजे कुठला? रात्री झोप लागली तो, हुक लावता आला तो, की दुसऱ्या हाताइतका झाला तो? पहिला धरला तर माझा आकडा भारी दिसेल आणि तिसरा धरला तर मलाच लाज वाटेल. तो चौकोन काढून टाकला. तसं बघितलं तर आतापर्यंत हे वाचून आलेल्यांत बरेच जण दुसरीकडे दोन-दोन पॅकेजेस करून आलेले असतात आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच असतं की एवढा वेळ लागतो हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही.

त्याच्याखाली अजून चार ओळी घातल्यात, माझ्याकडे आधी येऊ नका अशा. खांद्याबरोबर ताप असेल, सांधा लाल-गरम असेल. पडल्यानंतर हात एकदम उचलायचा बंद झाला असेल. आधी कधी कॅन्सर झालेला असेल, किंवा वजन कमी होतंय आणि खांद्याचं दुखणं कुठल्याच स्थितीत, हात न हलवताही थांबत नसेल. डावा खांदा चालताना, जिने चढताना दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, सोबत धाप किंवा घाम असेल, तर तो खांदा नाही, दुखणं हृदयाचं असू शकतं, लगेच हॉस्पिटल.

आणि कधी थांबायचं तेही. सहा आठवड्यांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापं सारखीच आली, झोप नीट आहे, आणि पेशंटने पहिल्या दिवशी सांगितलेली दोन-तीन कामं त्याला जमताहेत, तर मी डिस्चार्ज देते. घरचा काठीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचा. तोच खांदा परत गोठणं क्वचित होतं, दुसरा मात्र पुढच्या काही वर्षांत धरू शकतो, म्हणून जाताना प्रत्येकाला ती कोपर चिकटवून हात बाहेर न्यायची टेस्ट घरच्या माणसासमोर शिकवून पाठवते, महिन्यातून एकदा दुसऱ्या खांद्याची बघायची, कमी वाटली तर दुखायची वाट न बघता यायचं.